सहा वर्षांच्या मुलाला स्वतः वाचता येईल अशी 'चल रे भोपळ्या' कशी लिहायची?

गोदाकाठ
मुलगा सहाचा झालाय, पहिलीत आहे, मराठी माध्यम. बाराखडी येते, साधे शब्द जुळवून जुळवून वाचतो, जोडाक्षरं आत्ता कुठे सुरू झालीत. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सासूबाई त्याला रोज झोपताना सांगतात त्यामुळे ती तोंडपाठ आहे, आणि आता त्याला 'तीच गोष्ट मला वाचायचीय' असं झालंय. घरात जी पुस्तकं आहेत ती मोठ्यांनी वाचून दाखवायची आहेत, त्याला झेपत नाहीत. म्हणून म्हटलं आपणच लिहून काढू, गोष्ट तर लोकांचीच आहे, कुणाच्या मालकीची नाही. तर मी असं लिहिलं :

"फार फार वर्षांपूर्वी एका गावात एक म्हातारी राहत होती. एके दिवशी लग्न होऊन दूरच्या गावी गेलेल्या आपल्या मुलीला भेटण्यासाठी ती घनदाट अरण्यातून एकटीच निघाली असता वाटेत तिला एक भुकेलेला वाघ आडवा आला आणि त्याने तिच्यावर झडप घालण्याची तयारी केली."

पोरगं 'वर्षांपूर्वी'लाच अडकलं आणि वही टाकून पळालं. कुठे काय बदलू सांगा. गोष्टीचा जीव न काढता सोपी करायचीय.

प्रवासी_पक्षी
अहो या वयात हावभाव महत्त्वाचे! वाघाचा आवाज जाडा काढा, म्हातारीचा कापरा, भोपळा आला की पोराला मांडीवर घेऊन उड्या मारायच्या. आमच्याकडे भाचरं जमली की मी हेच करतो, पोट दुखेस्तोवर हसतात. कागद कशाला पाहिजे.

गोदाकाठ
@प्रवासी_पक्षी सांगायचं काम सासूबाई फर्स्टक्लास करतात हो, त्यात काही कमी नाही. मला त्याला *वाचायला* द्यायचीय, म्हणजे तो एकटा बसून वाचेल अशी.

सोपं_करा
सोपंय. दोन नियम पाळायचे, एका वाक्यात तीन शब्द आणि जोडाक्षर शून्य. म्हातारी काढा, आजी घाला, कारण पहिल्याच शब्दात म्ह आला की पोरं थबकतात. घ्या करून दिलं :

"एक आजी होती. आजी गावाला निघाली. जंगल आलं. वाघ आला. वाघ मोठा होता. आजी घाबरली. आजी बोलली. वाघ गेला. आजी पुढे गेली."

अजून एक, वाघ कोल्हा अस्वल असे तीन तीन प्राणी कशाला, सगळ्यांशी तेच तेच बोलणं आहे. एक वाघ ठेवा, गोष्ट निम्मी होईल.

चिंचेचं_झाड
@सोपं_करा 😄 हे गोष्टीपेक्षा पोलीस पंचनाम्यासारखं वाटतंय.

पाटीपेन्सिल
मी पहिली-दुसरीला बरीच वर्षं शिकवलंय, आता रिटायर आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

सोपं_करा यांचं अर्धं बरोबर आहे. गोदाकाठ, तुमचं दुसरं वाक्य बघा, त्यात एकात एक पाच गोष्टी आहेत. मुलीचं लग्न झालं, ती दूर राहते, म्हातारी भेटायला निघाली, जंगल लागलं, वाघ आला. बरं क्रियापद सगळं शेवटी. सहा वर्षांचं मूल एकेक अक्षर जुळवत वाचतं ना, त्याला 'लग्न होऊन दूरच्या गावी गेलेल्या' इथपर्यंत येताना घाम फुटतो, आणि अजून त्याला कळलेलंच नसतं की कोण, कुठे, काय. 'मुलीला' येईपर्यंत 'लग्न' विसरलेलं असतं. तेव्हा 'गेलेल्या', 'निघाली असता', 'भेटण्यासाठी' हे सगळं सुटं करा. एक घटना, एक वाक्य, वाक्याच्या शेवटी खरंखुरं क्रियापद. म्हातारी निघाली. वाटेत जंगल होतं. इथपर्यंत आम्ही दोघं एका बाजूला.

पण तीन शब्दांचा नियम लावलात तर गोष्टीतला 'का' निघून जातो. "आजी बोलली. वाघ गेला." का गेला? काय बोलली? पोराला गोष्ट पाठ आहे म्हणून त्याला कळेल, न ऐकलेल्या मुलाला अजिबात कळणार नाही. सहा वर्षांची मुलं 'पण', 'म्हणून', 'मग', 'कारण' हे शब्द दिवसभर बोलत असतात, ते कागदावरून उडवायचं काहीच कारण नाही. चार ते सहा शब्दांचं वाक्य आणि मधूनमधून एखादं आठ शब्दांचं 'म्हणून'वालं, असं ठेवलं तर वाचताना लय पण येते. सगळी वाक्यं एकाच मापाची झाली की मूल शब्द नुसते मोजत जातं.

आता जोडाक्षरं. शून्य जोडाक्षरांत मराठी गोष्ट लिहून बघाच. भोपळा सोपा आहे, पण म्हातारीला भोपळ्यात बसवलं की आलं जोडाक्षर. कावळा सोपा, कावळ्याला म्हटलं की संपलं. रस्त्यात, डोळ्यात, माझ्या, तुझ्या, तिच्या, सगळीकडे तो अर्धा वर्ण आणि य येतोच. म्हणून जोडाक्षर टाळायचं नाही, *किती वेगवेगळी* येतात ते मोजायचं. तुमच्या उताऱ्यात दोनच वाक्यांत र्ष, र्व, म्ह, ग्न, च्य, ल्य, ण्य, त्य अशी आठ तऱ्हेची आहेत. पोराला दर ओळीला नवा डोंगर. त्याऐवजी म्ह, ळ्य आणि ठ्ठ एवढी मुख्य ठेवा आणि तीच सारखी येऊ द्या. म्ह तर म्हातारी, म्हणाली, म्हणाला, म्हणून सगळ्यांत आहे, पहिल्या पानावर अडेल, तिसऱ्या पानावर न बघता वाचेल. रफार मात्र पूर्ण टाळा, पहिलीच्या पोरांना तो डोक्यावरचा र आधी म्हणायचा की नंतर हेच कळत नाही बराच काळ.

सोपं_करा
बाई, 'का' निघून जातो हे पटलं. पण आजी का नको ते सांगा, आजीत काय वाईट आहे.

पाटीपेन्सिल
वाईट काहीच नाही. पण "म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक" याचं काय करणार? "आजी बिजी मला नाही ठाऊक"? मुलाला ही ओळ पाठ आहे, याच ओळीसाठी तो कागद हातात घेणार आहे. ओळखीची ओळ डोळ्यांना दिसली की त्याला आपण वाचतोय असा धीर येतो, तोच काढून घेऊ नका.

चिंचेचं_झाड
आमच्याकडे विदर्भात मी ऐकलेली "म्हातारी गितारी" होती. कोतारी पुण्याकडचं असेल.

कोयनेचा_गाळ
सातारा साइडला कोतारीच. आणि आम्ही 'तूप रोटी' म्हणायचो, बायको म्हणते 'साय साखर'.

दूरदेशी_मावशी
माझी केस वेगळी आहे पण विचारते. मेलबर्नला आहोत, मुलगी सहा वर्षांची, घरात मराठी बोलते, शनिवारी मराठी शाळा. तिला हीच गोष्ट लिहून दिली होती. "म्हातारी लेकीकडे निघाली" वाचलं आणि विचारते, लेकमध्ये स्विमिंग करायला का? 🙈 म्हणजे तिला अक्षरं येतात, शब्द माहीत नाही. असे शब्द बदलायचे का?

आणि दुसरं, ती वाचते असं मला वाटायचं पण ती चक्क पाठ म्हणते. बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर. गोष्ट पाठ असलेल्या पोराला तीच गोष्ट वाचायला देण्यात अर्थ आहे का मग?

पाटीपेन्सिल
दोन्ही प्रश्न चांगले आहेत मावशी.

लेक ठेवा आणि पहिल्यांदा आलं तिथेच पुढच्या वाक्यात उलगडा. "म्हातारीला एक मुलगी होती. ही लेक दूर गावी राहायची." झालं काम, कुठे कंस नको, तळटीप नको. असे अनोळखी शब्द अख्ख्या गोष्टीत दोनतीन चालतात, पण एकाच पानावर दोन नकोत. 'घनदाट अरण्य' मात्र जाऊ दे, तिथे 'दाट जंगल' म्हटल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

पाठ म्हणण्याचं सगळी मुलं करतात, ती वाचनाची पायरीच आहे, फक्त तिथेच थांबायला नको. युक्ती सांगते. वाघ, कोल्हा, अस्वल तिघांशी म्हातारीचं बोलणं अक्षरशः सारखं ठेवायचं आणि तिसऱ्या वेळी फक्त खाणं बदलायचं. दोनदा 'तूप रोटी खाईन', अस्वलाला सांगताना 'दही भात खाईन'. पाठ म्हणणारं मूल तिथे धडाधड 'तूप रोटी' म्हणून पुढे जातं. वाचणारं मूल अडतं, हसतं, मागे जातं. 'ए, इथे दही भात लिहिलंय!' असं ओरडलं की समजायचं नजर कागदावर आहे. म्हणून सोपं_करा, तीन प्राणी कापू नका. तेच तेच बोलणं आपल्याला कंटाळवाणं, त्याला त्यातच वाचनाचा वेग मिळतो. वाघाशी बोलताना रखडलेलं मूल अस्वलापाशी सुसाट जातं.

सोपं_करा
हे दही भात प्रकरण आवडलं. पण लांबी वाढतेच ना.

अक्षरजुळारी
मुलांच्या पुस्तकांचं मांडणीचं काम करतो, लांबीबद्दल सांगू शकतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर गोष्टींना चार पातळ्या आहेत, सगळ्यात सोपी पहिली पातळी साधारण २५० शब्दांच्या आतली असते, दुसरी ६०० पर्यंत जाते. हे काही देवाचं वाक्य नाही, पण अंदाज येतो. तीन प्राणी जाताना आणि परत येताना फक्त वाघ असं केलंत तर गोष्ट दुसऱ्या पातळीच्या सुरुवातीला राहील. परतीलाही तिघं घेतले तर लांबेल आणि तिथे मुलाला पुढे काय होतं याची घाई असते.

शिवाय पानं पाडा. एका पानावर तीन-चार ओळी, वर चित्राला जागा. ओळ तोडताना अर्थ बघून तोडा. "म्हातारी म्हणाली, मला / खा" असं कॉम्प्युटरने आपोआप तोडलं की पोर 'मला' वाचून थांबतं आणि पुढच्या ओळीवर 'खा' नवीन वाक्य म्हणून वाचतं. एंटर स्वतः मारा.

फॉन्ट पण बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, शाळेत पोरं वेगळे ल-श गिरवतात, मराठीचे अक्षरांचे आकार २००९ च्या शासन निर्णयात दिलेत तसे. पहिलीतलं मूल त्या हिंदी ल ला चक्क ओळखत नाही. यशोमुद्रा म्हणून राज्य मराठी विकास संस्थेचा फुकट फॉन्ट आहे, तो लावा. प्रिंट काढल्यावर 'लेक', 'लठ्ठ', 'शेवट' असे शब्द नीट बघा.

गोदाकाठ
बापरे, फॉन्टचं डोक्यातच नव्हतं. सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलंय, पहिला भाग टाकते, आता चिरफाड करा :

एक होती म्हातारी.
तिला एक मुलगी होती.
ही लेक दूर गावी राहायची.
म्हातारी लेकीकडे निघाली.

वाटेत दाट जंगल होतं.
जंगलात एक वाघ होता.
वाघाला खूप भूक लागली होती.
वाघ म्हणाला, "म्हातारे, मी तुला खातो!"

म्हातारी घाबरली, पण रडली नाही.
ती म्हणाली, "मी किती बारीक आहे बघ.
लेकीकडे जाईन,
तूप रोटी खाईन,
लठ्ठ होईन,
मग मला खा."

वाघ म्हणाला, "बरं. पण लवकर ये."

मग कोल्हा, मग अस्वल (दही भात 😀), मग लेकीचं घर. मग येते ती भोपळ्याची भानगड :

म्हातारी लठ्ठ झाली.
आता घरी जायचं होतं.
पण वाटेत वाघ होता!
म्हणून लेकीने मोठा भोपळा आणला.
म्हातारी भोपळ्यात बसली.
भोपळा निघाला, टुणुक टुणुक!

वाघाने भोपळा बघितला.
वाघ म्हणाला, "भोपळ्या, भोपळ्या, म्हातारी कुठे आहे?"
"म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक,
चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!"

कोयनेचा_गाळ
झकास! 'घाबरली, पण रडली नाही' भारी.

पाटीपेन्सिल
छान झालंय. दोन ठिकाणी थांबले.

एक. "म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक" हे कोण बोललं? आपल्याला माहीत आहे की म्हातारी आतून बोलतेय आणि वाघाला वाटतंय भोपळा बोलला. मोठा माणूस आवाज बदलून सांगतो तेव्हा ते कळतं, कागदावर आवाज नाही. वर्गात विचारलं की निम्मी मुलं सांगायची 'भोपळा बोलला', आणि मग गोष्टीतली गंमतच जाते, कारण गंमत हीच आहे की वाघ फसला. त्याच्या आधी एक वाक्य हवं. "भोपळ्यातून आवाज आला," किंवा त्याहून उघड, "म्हातारी आतून म्हणाली." मला दुसरं जास्त आवडतं, कारण मुलाला वाघापेक्षा जास्त माहीत असतं आणि तेच त्याला हवं असतं.

तसंच ज्याचं बोलणं त्याचं नाव आधी. "बरं," वाघ म्हणाला, असं उलटं नको. तुम्ही सगळीकडे 'वाघ म्हणाला' आधी ठेवलंय ते बरोबर आहे.

दोन. म्हातारी लठ्ठ झाली आणि भोपळा आणला या मधे थोडी उडी आहे. भोपळ्यात माणूस कसा बसेल हे सहा वर्षांचं मूल विचारतंच. "लेकीने भोपळा आतून पोकळ केला" असं एक वाक्य टाका. पोकळ शब्द त्याला येत नसेल तर "आतलं सगळं काढून टाकलं". क्रम तुटला नाही पाहिजे, आधी भोपळा आणला, मग रिकामा केला, मग म्हातारी बसली.

टिंबटिंब
उशिरा आलो. शुद्धलेखनाचं बोलू का? टुणुक की टुणूक? अकारान्त शब्दात शेवटून दुसरा उकार दीर्घ, या नियमाने 'टुणूक'. पोराला पहिल्यापासून चुकीचं दाखवू नका.

आणि 'जंगल होतं' ऐवजी 'जंगल होते' लिहा, लेखी मराठीत तेच बरोबर.

प्रवासी_पक्षी
टुणूक म्हटलं की भोपळा रस्त्यातच बसल्यासारखा वाटतो. टुणुक म्हणजे उडी!

पाटीपेन्सिल
टुणुकबद्दल माझं मत असं की नादाचा शब्द आहे, लिहाल तसा, पण पूर्ण गोष्टीत एकच लिहा. पहिल्या पानावर ऱ्हस्व आणि शेवटी दीर्घ असं झालं तर मूल दोन शब्द समजतं.

'होतं-होते' मात्र खरंच अवघड आहे. मूल घरात 'होतं' बोलतं, म्हणून तेच लिहावं असं वाटतं. पण नुकतं वाचायला लागलेलं मूल डोक्यावर टिंब दिसलं की 'होतम्' वाचतं, 'घरटम्', 'केलम्'. आणि 'होते' लिहिलं की त्याला वाटतं खूप जंगलं होती, कारण त्याच्या कानाला 'वाघ होते' हे ओळखीचं आहे. मी दोन्ही प्रकारे शिकवलंय, दोन्हीकडे पोरं अडतात. 'होतम्' आठवड्याभरात आपोआप जातं एवढाच माझा अनुभव.

टिंबटिंब
नियम नियम असतो बाई. पाठ्यपुस्तकात काय आहे ते बघा.

अक्षरजुळारी
पुस्तकांत दोन्ही दिसतं हो. निवेदन 'होते', संवादात 'होतं' असंही करतात काही जण. माझ्या मते या वयात तेच सगळ्यात गोंधळाचं, एकाच पानावर दोन तऱ्हा.

गोदाकाठ
मी 'होतं' ठेवते. आमच्याकडे 'होते' म्हणणारं कुणी नाही, त्याला ते परकं वाटेल.

आता शेवट. सासूबाईंच्या गोष्टीत वाघाला शेवटी कळतं, तो भोपळा फोडतो, आणि म्हातारी लेकीकडून आणलेलं तिखट त्याच्या डोळ्यात फेकते आणि घरी पळते. पोराला तोच शेवट सगळ्यात आवडतो. पण लिहिताना हात थांबला, डोळ्यात तिखट हे सहा वर्षांच्या मुलाने वाचावं का?

दूरदेशी_मावशी
अजिबात नको! इथे शाळेत तिने सांगितलं असतं तर मला बोलावणं आलं असतं. भोपळा घरी पोचला, म्हातारी सुखरूप, बास.

चिंचेचं_झाड
आमच्या गोष्टीत तिखट नव्हतंच. वाघ नुसता बघत बसतो आणि भोपळा निघून जातो. बंगाली मैत्रिणीकडे हीच गोष्ट आहे, तिथे भोपळ्याऐवजी लाऊ, आपला दुधी, तो गडगडत जातो. इराणमध्येसुद्धा म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते, फारसीत. म्हणजे शेवट प्रत्येकीने आपापला लावलेला आहे, खरा कुठला असं काही नाही.

कोयनेचा_गाळ
तिखट राहू द्या राव. वाघ खायला निघालाय, तिने काय नमस्कार करायचा का. पोरांना न्याय लागतो.

सोपं_करा
मला वाटतं तिखटाऐवजी 'राख' करा. डोळ्यात राख उडाली, वाघ शिंकला. मारामारी पण नाही आणि वाघ पण हरला. 'आक् छी' वाचायला मजा येईल.

पाटीपेन्सिल
सोपं_करा, हे चांगलं सुचवलंत. वाघ शिंकला हे दिसतं डोळ्यासमोर, आणि वाचायलाही सोपं. मी मात्र वर्गात तिखटच सांगायचे, तक्रार कधी आली नाही, पण ते सांगणं होतं आणि समोर मी होते. मूल एकटं वाचतं तेव्हा वेगळं असेलही. माझं नक्की मत नाही.

जे काही ठेवाल ते झटपट संपवा. शेवटी 'म्हणून मुलांनो संकटात धीर सोडू नये' असलं काही नको. असल्या वाक्याने नको तिथे आपण मधे येतो.

टिंबटिंब
म्हातारीने खोटं बोलून वाघाला फसवलं, त्याचं काय? पोरं काय शिकणार?

कोयनेचा_गाळ
वाघाशी खरं बोलायला शिकतील आणि वाघ जेवेल 😂

गोदाकाठ
@टिंबटिंब काका, ती लेकीकडे गेली, तूप रोटी खाल्ली, लठ्ठ झाली, इथपर्यंत शब्द पाळलाच की तिने.

बरं आज त्याला प्रिंट वाचायला दिली, शेवटाचं पान सोडून. 'दूर' आणि 'दाट'ला थोडा थांबला, म्ह पहिल्या दोन वेळा 'मह' वाचला, 'महातारी', मग सुधारला. 'लठ्ठ' मात्र दरवेळी 'लठठ', ते काही जमेना. अस्वलापाशी तूप रोटी म्हणून पुढे गेला होता, मग थांबून मागे आला. नंतर मला विचारतो, अस्वलाला दही भात का, वाघाला तूप रोटी का, अस्वल शाकाहारी आहे का.

पाटीपेन्सिल
मग वाचतोय तो. 'लठ्ठ' जमत नसेल तर तूर्त 'जाड होईन' करा, लय फारशी मोडत नाही, आणि ठ्ठ पुढच्या गोष्टीत आणा. एका गोष्टीत म्ह आणि ळ्य पक्के झाले तरी भरपूर. आणि आता गोष्ट वाचून झाल्यावर कागद पालथा घालून त्याला विचारा, वाघ का फसला? 'म्हातारी आत होती आणि वाघाला माहीत नव्हतं' अशा अर्थाचं काही बोलला तर वाक्यं बरोबर बसलीत. 'भोपळा पळाला' म्हणाला तर ते आतून म्हणाली वालं वाक्य अजून ठळक करायला लागेल, वाटल्यास चित्रात भोपळ्याला एक बारीक भोक काढून म्हातारीचा डोळा दाखवा.

दूरदेशी_मावशी
गोदाकाठ, फाइल शेअर कराल का? माझ्या शनिवारच्या शाळेत सहा-सात मुलं आहेत, वयं पाच ते नऊ, सगळ्यांना चालेल का?

अक्षरजुळारी
नऊवाल्यांना हे बाळबोध वाटेल हो मावशी. अक्षरओळख सारखी असली तरी त्यांना बोबडी गोष्ट दिली की चिडतात. त्यांना तुमच्या लहानांसाठी शेवट लिहायला लावा, तिखट, राख की नुसतं घर, त्यांचं ते ठरवू देत.

गोदाकाठ
करते शेअर, शेवटाचं पान कोरं ठेवून. चित्रं मात्र तुम्ही काढा, माझा वाघ मांजरासारखा आलाय.